भाड्याआधी धुराचं बोला

हॉटेलसाठी जागा बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. दुसरा डिपॉझिटचा, तिसरा दरवर्षीच्या वाढीचा. या तिन्हींवर आठवडाभर घासाघीस चालते, मध्यस्थ दोन्हीकडे फोन करून दमतो, शेवटी पाच-दहा हजार इकडेतिकडे होऊन टोकन दिलं जातं. धूर कुठून बाहेर जाणार हा प्रश्न बहुतेक वेळा इंटिरियरवाला विचारतो, आणि तोवर करार नोंदवून झालेला असतो.

माझ्या मते हा क्रम उलटा हवा. भाडं जास्त ठरलं तर नफा कमी होतो. धुराला वाट नसेल तर हॉटेलच चालत नाही, आणि तरीही भाडं मात्र चालू राहतं. शिवाय भाड्याची रक्कम मालकाच्या हातात असते, तो ती कमी करू शकतो. धुराची वाट पुष्कळदा त्याच्या हातात नसतेच, आणि सगळी गोम तिथे आहे.

एक उदाहरण घेऊन बोलू. समजा, दोन मित्र पुण्यात बाणेरला जेवणाचं हॉटेल काढू पाहताहेत. जागा एका हाउसिंग सोसायटीच्या तळमजल्यावर, वर पाच मजले फ्लॅट. दुकानाचा चटईक्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया एक हजार चौरस फूट. मालक म्हणतो, रस्त्यासमोरची जागा आहे, एक्झॉस्टचं काय, मागच्या भिंतीवरून वर न्या, गच्चीवर सोडा, कुणी काही म्हणत नाही.

आता हा मालक दुकानाचा मालक आहे. मागची बाहेरची भिंत, डक्ट, गच्ची हे सगळं सोसायटीचं, म्हणजे सगळ्या सभासदांचं सामाईक आहे. ज्या गोष्टीवर स्वतःचा एकट्याचा हक्क नाही ती तो करारात लिहून देऊ शकत नाही, आणि दिली तरी सोसायटीवर ती बंधनकारक नाही. ‘कुणी काही म्हणत नाही’ हे वाक्य चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पहिल्यांदा मिरचीच्या फोडणीचा ठसका जाईपर्यंतच खरं असतं. त्यानंतर सोसायटीची नोटीस येते, महापालिकेत तक्रार जाते, आणि डक्ट काढा म्हणून सांगितलं जातं.

म्हणून पहिला कागद सोसायटीचा. तोही सेक्रेटरीच्या सहीचं ‘हरकत नाही’ असं दोन ओळींचं पत्र नको. कमिटी बदलली की नवी कमिटी ते पत्र नाकारते. हे इतकं नेहमीचं आहे की त्यात कुणाला आश्चर्यही वाटत नाही. सर्वसाधारण सभेत मांडून मंजूर झालेला ठराव हवा. त्यात डक्टचं माप, जाण्याचा मार्ग, गच्चीवर ब्लोअर आणि स्क्रबर कुठे बसणार, सफाईसाठी माणसांना गच्चीवर कधी जाता येईल आणि परवानगी किती वर्षांची हे सगळं यायला हवं. सोसायटीने त्यासाठी दरमहा काही रक्कम मागितली तर ती मालक भरणार की भाडेकरू, हेही त्याच वेळी ठरवावं. इमारत नवी असेल आणि सोसायटी अजून स्थापनच झाली नसेल तर बिल्डरच्या पत्रावर फार विसंबू नये. सोसायटी झाली की सभासद पहिल्याच सभेत तो विषय काढतात.

डक्टचं माप ठरावात का हवं, तर त्यामागे साधा हिशेब आहे. आपल्या दोन मित्रांच्या स्वयंपाकघरात शेगड्यांची रांग बारा फुटांची आहे. तिच्यावर बारा फूट लांब, चार फूट रुंद हूड बसेल. म्हणजे अठ्ठेचाळीस चौरस फूट. भिंतीलगतच्या हूडसाठी ढोबळ ठोकताळा असा, की हूडच्या प्रत्येक चौरस फुटामागे मिनिटाला शंभर घनफूट हवा ओढली पाहिजे. म्हणजे मिनिटाला ४,८०० घनफूट. ही हवा डक्टमधून मिनिटाला साधारण सोळाशे फूट वेगाने न्यायची तर डक्टचा छेद तीन चौरस फूट लागतो, दोन फूट बाय दीड फूट. भोवतीचं इन्सुलेशन, भिंतीतले ब्रॅकेट आणि सफाईच्या झडपा उघडायला लागणारी जागा धरली तर अडीच फूट बाय दोन फुटांची मोकळी, सरळ वाट हवी. इमारतीच्या मागच्या अंगाला ड्रेनेजचे पाइप, पाण्याच्या लाइन आणि एसीचे बाहेरचे युनिट असताना ती आहे का, हे टेप घेऊन मोजूनच कळतं.

जागा नाही म्हणून निम्म्या मापाचा डक्ट घातला तर काय होतं? तेवढीच हवा न्यायला वेग दुप्पट करावा लागतो, आणि वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. मग मोठी मोटर येते, तिच्याबरोबर मोठा आवाज आणि मोठं वीजबिल येतं. प्रत्यक्षात तेवढी मोटर कुणी बसवत नाही. हवा कमी ओढली जाते, धूर हूडच्या कडेवरून बाहेर सांडतो आणि जेवून घरी गेलेल्या गिऱ्हाइकाच्या शर्टाला तेलाचा वास येतो. प्रत्येक वळणावर ओढ आणखी कमी होते, म्हणून कागदावर ‘एक्झॉस्टची सोय आहे’ असं असणं आणि चार वळणं घेत गेलेला एक फुटी पाइप असणं यात फार अंतर आहे.

बाहेर ओढलेली हवा आत परत यावी लागते, हेही विसरलं जातं. साधारण ऐंशी टक्के हवा ताजी म्हणून स्वयंपाकघरात आणण्याची सोय लागते, म्हणजे तिच्यासाठी आणखी एक डक्ट आणि बाहेरच्या भिंतीला आणखी एक भोक. ती नसेल तर हूड गिऱ्हाइकांच्या बाजूची थंड हवा खेचतो. मुख्य दरवाजा उघडायला जड जातो आणि फटीतून शीळ वाजते. आधी हॉटेल असलेली जागा बघायला गेलात तर एक्झॉस्ट चालू करायला सांगा आणि दार उघडून बघा, ताबडतोब कळेल.

ब्लोअर कुठे बसवायचा हाही करारातला मुद्दा आहे. तो डक्टच्या वरच्या टोकाला, गच्चीवर असला की सगळा डक्ट आतून ओढीखाली राहतो. सांध्यात फट पडली तरी बाहेरची हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. खाली स्वयंपाकघरात ब्लोअर ठेवून वर ढकललं, तर तीच फट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी धूर सोडते. पण गच्चीवर ब्लोअर म्हणजे पाचव्या मजल्याच्या छतावर रात्री अकरापर्यंत थरथर. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. साध्या बोलण्याइतक्या आवाजाच्याही खाली राहायचं, तर ब्लोअर स्प्रिंगच्या पायांवर, आवाज अडवणाऱ्या पेटीत बसवावा लागतो. याचा खर्च आधी धरला नाही तर तो नोटिशीनंतर करावा लागतो.

गच्चीपर्यंत वाट मिळतच नसेल तर विक्रेते दुसरा पर्याय सुचवतात. ईएसपी बसवा, म्हणजे विजेच्या भारावर तेलाचे कण पकडणारं यंत्र, आणि हवा खालीच मागच्या बाजूला सोडा. हे यंत्र चांगलं आहे, पण ते तेल आणि धुराचे कण पकडतं. वास पकडत नाही. वासासाठी पुढे कार्बन फिल्टर लागतो, तो ठरावीक काळाने बदलावा लागतो आणि ईएसपीच्या प्लेटा नियमित धुवाव्या लागतात. डोसा, सँडविच, कॉफी असा बेत असेल तर हे जमतं. तंदूर आणि सुक्या मटणाची फोडणी रोज असेल तर मी त्याच्या भरवशावर पाच वर्षांचा करार करणार नाही.

तंदूरचं वेगळं बघा. कोळशाच्या तंदूरमधून ठिणग्या वर जातात, म्हणून त्याचा डक्ट तेलकट धुराच्या डक्टला जोडत नाहीत, स्वतंत्र ठेवतात. मुंबईत तर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्या हॉटेलांना गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं. म्हणून कराराच्या काळात नियम बदलला तर बदलाचा खर्च कुणाचा, आणि नव्या गॅस-लाइनसाठी मालक व सोसायटी सही देतील का, हे एका वाक्यात लिहून घ्यावं. गॅसचंही तसंच. गॅस सिलिंडर नियमांनुसार एका वेळी शंभर किलोपर्यंत एलपीजी साठवायला वेगळा परवाना लागत नाही. एकोणीस किलोचे पाच सिलिंडर त्यात बसतात, सहावा बसत नाही. ते पाच कुठल्या उघड्या, हवेशीर जागेत राहणार ती जागा करारासोबतच्या नकाशात दाखवलेली हवी.

हे सगळं मिळालं की करारात कलम असं काहीसं लिहिता येतं: ‘सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतील सोबत जोडलेल्या ठरावानुसार, सोबतच्या नकाशात लाल रेषेने दाखवलेल्या मार्गाने दोन फूट बाय दीड फूट मापाचा एक्झॉस्ट डक्ट बसवण्याचा, वापरण्याचा, साफ व दुरुस्त करण्याचा हक्क कराराच्या संपूर्ण मुदतीसाठी लिहून घेणार यांस राहील. लिहून घेणार यांचा दोष नसताना हा वापर बंद पडल्यास त्या काळाचे भाडे आकारले जाणार नाही, आणि साठ दिवसांत तो पूर्ववत न झाल्यास लिहून घेणार यांस लॉक-इनचे बंधन न लागता करार संपवता येईल.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मालक त्यालाच हरकत घेतो. पण ‘कुणी काही म्हणत नाही’ याची त्याला खात्री असेल, तर ते लिहून द्यायला हरकत का असावी?

आता भाडं. बाणेरच्या मालकाने चौरस फुटाला शंभर रुपये सांगितले, पण ते एक हजार फुटांना नव्हे. कागदावर जागा चौदाशे फूट आहे. जिना, लॉबी, भिंती सगळं धरून. म्हणजे भाडं एक लाख चाळीस हजार, आणि ज्या फरशीवर टेबल ठेवता येतं तिचा दर एकशे चाळीस. वर्तमानपत्रातल्या, शेजारच्या, मित्राने सांगितलेल्या दरांशी तुलना करायची ती या आकड्याची. टेपने मोजलेलं चटईक्षेत्र करारात लिहून घ्या, आणि भाडं एकूण रकमेत ठरवा.

त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २५,२००. बाकी व्यापाऱ्यांना हा कर पुढे वळता करून घेता येतो. पण साधं हॉटेल गिऱ्हाइकाकडून पाच टक्के जीएसटी घेतं, आणि त्या पाच टक्क्यांच्या अटीतच असं आहे की भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचा जीएसटी हा हॉटेलवाल्याचा सरळ खर्च. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल तर सुटलो असंही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा मालकाच्या व्यापारी जागेच्या भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः सरकारला भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्यांना यातून पुढे सूट मिळाली. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च समजा आठ हजार. महिन्याचा खरा आकडा झाला १,७३,२००.

हा आकडा परवडतो का, हे बघायची एक धंद्यातली पट्टी आहे. जागेचा खर्च विक्रीच्या दहा ते पंधरा टक्क्यांत बसावा. बारा टक्के धरले तर महिन्याला सुमारे साडेचौदा लाखांची विक्री हवी, म्हणजे रोज अठ्ठेचाळीस हजार. माणशी बिल अडीचशे धरलं तर रोज एकशे नव्वदहून अधिक माणसं. हजार फुटांतून स्वयंपाकघर, धुण्याची जागा, कोठी आणि शौचालय वजा जाता साधारण चाळीस खुर्च्या बसतील. त्या सगळ्या रोज, सोमवारी आणि पावसातसुद्धा, जवळपास पाच वेळा भरायला हव्यात. पार्सलची विक्री भरपूर असेल तर जमेल; नुसत्या बसून जेवणाऱ्यांवर जमणार नाही. घासाघीस करायला बसण्याआधी हा हिशेब हातात असावा.

भाडेवाढीत एक बारकावा. ‘दरवर्षी पाच टक्के’ आणि ‘तीन वर्षांनी पंधरा टक्के’ हे कानाला सारखं वाटतं. एक लाख चाळीस हजारांवर पाच वर्षांचं पहिल्या पद्धतीने सुमारे ९२ लाख ८३ हजार होतं, दुसऱ्या पद्धतीने ८९ लाख ४ हजार. शिवाय दुसऱ्या पद्धतीत हॉटेलचा जम बसण्याची पहिली तीन वर्षं भाडं स्थिर राहतं, आणि तोच खरा फायदा.

भाडं कधीपासून सुरू, यावर मात्र जास्त वेळ घालवावा. ताबा मिळाला की सुरू, असं मालक लिहितो. पुष्कळदा दीड-दोन महिने ‘फिट-आउट’साठी मोफत देतो आणि उपकार केल्यासारखं सांगतो. पण दुकानाला पाच किलोवॅटचा वीजभार मंजूर असेल आणि एसी, फ्रीज, ब्लोअर मिळून पंचवीस-तीस लागत असतील, तर महावितरणकडून भार वाढून येईपर्यंत थांबावं लागतं. त्या अर्जावर मालकाची कागदपत्रं लागतात. अन्न परवान्यासाठीही जागेचा ताबा दाखवणारा कागद लागतो, अग्निशमन विभागाकडे इमारतीचा मंजूर नकाशा. मालक गावाला गेला म्हणून पंधरा दिवस सही अडली, तर त्या पंधरा दिवसांचं भाडं का द्यायचं? म्हणून भाड्याची सुरुवात तारखेला न बांधता घटनेला बांधावी: मोकळा ताबा, सोसायटीचा ठराव आणि वाढीव वीजभार या तिन्हींतलं जे शेवटी मिळेल त्यानंतर पंचेचाळीस किंवा साठ दिवसांनी. मालकाला हे अधांतरी वाटू नये म्हणून कमाल मर्यादाही घाला. त्या मर्यादेपर्यंत मंजुरी आल्याच नाहीत तर डिपॉझिट परत आणि करार रद्द. जुन्या वीजबिलाची, पाणीपट्टीची आणि मिळकतकराची थकबाकी नाही हे ताबा घेण्याआधी पावत्यांवर बघावं.

फिट-आउटमध्ये पैसा कुठे जातो ते पाहिलं की कलमं आपोआप सुचतात. आपल्या मित्रांचं बजेट तीस लाख. त्यातल्या टेबल-खुर्च्या, फ्रीज, शेगड्या, ओव्हन उचलून नेता येतात. पण स्वयंपाकघराची जमीन सहा-आठ इंच उंचावून तिच्यात टाकलेले ड्रेन, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, वायरिंग, तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, डक्ट हे भिंतींना आणि जमिनीला चिकटलेलं. जाताना यातलं काय न्यायचं आणि काय सोडायचं, याची यादी कराराला जोडावी. ‘जागा मूळ स्थितीत परत करावी’ एवढंच वाक्य असेल तर ते दोन्ही बाजूंनी कापतं. मालक म्हणू शकतो, एसी आणि डक्ट आता जागेचा भाग झाला, नेऊ नका; किंवा म्हणू शकतो, उंचावलेली जमीन फोडून पूर्वीसारखी करा, तोवर डिपॉझिट नाही. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढून दोघांनी सही करून ठेवावेत. रंग उडणं, फरशी झिजणं अशी वापराने होणारी झीज भरून द्यायची नाही, हेही लिहावं. आणि डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, त्या टेबलावरच. ‘ताबा दिल्यावर तीस दिवसांत’ असं असेल तर ते तीस दिवस फार लांबतात.

कामाचे नकाशे मालकाने किती दिवसांत मंजूर करायचे हे लिहा. सात दिवस पुरतात, उत्तर नाही आलं तर मंजूर धरायचे. स्लॅब किंवा बीमला भोक पाडायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या, मालक तोंडी हो म्हणाला तरी. आणि मंजूर नकाशात ही जागा दुकान म्हणूनच दाखवली आहे ना, भोगवटापत्र आहे ना, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या. दुकानासमोरची मोकळी पट्टी, जिला पुण्यात सगळे ‘मार्जिन’ म्हणतात, ती इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा असते. मालक तिथे दहा टेबलं लागतील असं सांगून भाडं वाढवतो. महापालिकेची गाडी येते तेव्हा टेबलं हॉटेलवाल्याची जातात. मुंबईच्या कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत चौदा माणसं गेली, तेव्हा गच्चीवरच्या हॉटेलांची अशीच बेकायदा छतं चर्चेत आली होती. नकाशात नसलेल्या जागेचं भाडं देऊ नका.

हे तीस लाख टिकणार किती, हे कराराच्या प्रकारावर आहे. महाराष्ट्रात व्यापारी जागाही बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, साठ महिन्यांपर्यंत दिल्या जातात. एक कारण मुद्रांक शुल्क. साठ महिन्यांपर्यंतच्या अशा कराराला एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का शुल्क लागतं. आपल्या उदाहरणात साडेआठ लाखांच्या आसपास डिपॉझिट धरलं तर ते चोवीस हजारांच्या घरात येतं. पण लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे, मालकाने जागा विकली तर नवा मालक त्या परवानगीने बांधलेला नसतो. भाडेपट्टा, म्हणजे लीज असेल तर जागा विकली तरी भाडेकरूचा हक्क नव्या मालकावर चालू राहतो. दुसऱ्या वर्षी जागा विकली गेली तर तीस लाखांचं काय, हा प्रश्न म्हणूनच सही करण्याआधीचा. लीज करायला मालक तयार नसेल, तर किमान असं कलम घाला: खरेदीदाराकडून हा करार लेखी मान्य करून घेतल्याशिवाय जागा विकणार नाही, आणि विकल्यास फिट-आउटचा उरलेला खर्च मालक देईल. तीस लाख साठ महिन्यांवर पसरले तर महिन्याला पन्नास हजार जिरतात. विसाव्या महिन्यात बाहेर पडावं लागलं तर वीस लाख बाकी राहतात. हा हिशेब कराराला जोडता येतो. मालक सगळी रक्कम मान्य करत नाहीत, पण निम्म्यावर येतात. जागेवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्रही मागा. कर्ज थकलं की जागेच्या दारावर बँकेची नोटीस लागते, आणि संमती नसेल तर भाडेकरूची बाजू लंगडी पडते.

लॉक-इन दोघांना सारखं असेल तर ते न्याय्य दिसतं, पण हॉटेलवाल्याचं हित त्यात नाही. मालकाला पूर्ण साठ महिने बांधलेलं हवं, हॉटेलवाल्याला पहिलं वर्ष किंवा फार तर दीड वर्ष, नंतर तीन महिन्यांच्या नोटिशीने जाता यावं. साथ, पूर, सरकारी बंदी अशा काळात भाड्याचं काय, याचं वेगळं कलम ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात सांगितलं, की करारात तशी तरतूद नसेल तर दुकान बंद होतं म्हणून भाडं माफ होत नाही. त्या उन्हाळ्यात हे वाक्य पुष्कळ हॉटेलवाल्यांना आपापल्या करारात शोधावं लागलं. चालू हॉटेल पुढे दुसऱ्याला द्यायचं झालं, किंवा दोनातला एक भागीदार बाहेर पडला, तर नव्या माणसाच्या नावे करार करून द्यायला मालक वाजवी कारणाशिवाय नकार देणार नाही, हेही त्याच ओघात लिहून घ्यावं. नाहीतर जम बसलेलं हॉटेल विकता येत नाही, फक्त बंद करता येतं.

करार नोंदवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. ‘नंतर करू’ असं ऐकून घेऊ नका आणि ठराव, नकाशे, फोटो, याद्या हे सगळं नोंदणीच्या दस्तालाच जोडा. वेगळ्या कागदावर ठेवलेली परवानगी वेळेला सापडत नाही.

जागा पसंत पडली की वकिलाच्या आधी एक्झॉस्टवाल्याला घेऊन जा. तासभर टेप लावून त्याने मार्ग काढला, सोसायटीने सभेत तो मान्य केला, की मग भाड्याची बोलणी करा. मार्ग निघत नसेल तर भाडं निम्म्याने कमी केलं तरी ती जागा हॉटेलसाठी घेऊ नका.